मानेतील न दुखणारी गाठ फुटून वाहू लागली, तर तो त्वचेचा क्षयरोग असू शकतो का?

प्रश्न: माझ्या पत्नीचे वय 26 आहे. पाच महिन्यांपूर्वी तिच्या मानेच्या उजव्या बाजूला एक गाठ आली. ती अजिबात दुखत नव्हती. पुढे ती मऊ होऊन फुटली आणि आता तिथून पातळ पू येतो. दोनदा चिरा देऊन पू काढला, अँटिबायोटिकही झाले, पण जखम भरून पुन्हा फुटते. पुवाच्या तपासणीत काही आले नाही. तिला खोकला नाही, छातीचा एक्स-रे चांगला आहे. आता एक डॉक्टर त्वचेचा टीबी म्हणतात. फुप्फुसात काही नसताना टीबी कसा असेल? आणि तिने आमच्या दोन वर्षांच्या मुलीला जवळ घ्यावे का?

उत्तर:

आपण वर्णन केलेला क्रम, म्हणजे आधी न दुखणारी टणक गाठ, मग तिचे मऊ पडणे, मग वरची कातडी जांभळट होऊन फुटणे आणि भरून आलेली जागा पुन्हा वाहू लागणे, हा मानेतील लसिकाग्रंथींच्या क्षयरोगाचा अगदी ओळखीचा क्रम आहे. रोग आतल्या ग्रंथीतून वर सरकत कातडी फोडून बाहेर येतो, तेव्हा त्या अवस्थेला स्क्रोफुलोडर्मा म्हणतात. जुन्या पिढीतले लोक ज्याला गंडमाळा म्हणत, त्यातल्या वाहणाऱ्या गाठी बहुतेक वेळा याच असत. मात्र नुसत्या वर्णनावरून निदान पक्के करता येत नाही. जंतू पकडून किंवा ऊतीचा तुकडा तपासूनच ते पक्के करावे लागते आणि या आजारातल्या बहुतेक चुका नेमक्या त्याच टप्प्यावर होतात.

आधी आत काय घडते ते पाहू, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर अवलंबून आहे. क्षयाचे जंतू बहुतेक वेळा श्वासावाटेच शरीरात येतात. फुप्फुसात ते अगदी लहान जागा व्यापतात, ती जागा आपोआप भरून येते आणि नंतरच्या एक्स-रेमध्ये तिची खूणही दिसेलच असे नाही. पण त्याआधी काही जंतू लसिकावाहिन्यांतून ग्रंथींपर्यंत पोहोचलेले असतात आणि तिथे महिनोन्‌महिने, कधी कित्येक वर्षे, शांत राहतात. शरीराची प्रतिकारशक्ती कमी झाली, किंवा कधी कोणतेही उघड कारण नसताना, ते तिथेच वाढू लागतात. म्हणून छातीचा एक्स-रे स्वच्छ असणे आणि मानेत टीबी असणे यांत विरोध नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी अनेकांना खोकलाही नसतो आणि तापही नसतो.

ग्रंथीच्या आत पेशी मरून दह्याच्या चोथ्यासारखा पदार्थ तयार होतो. शेजारच्या ग्रंथींची आवरणेही सुजतात, त्यामुळे सुरुवातीला सुट्या लागणाऱ्या गाठी एकमेकींना चिकटून एक घड होतो. हळूहळू तो चोथा पातळ होतो. नेहमीच्या बेंडात लाली, ठणका आणि उष्णता असते, इथे ती नसते, कारण ही सूज तीव्र नसून सावकाश चाललेली असते. म्हणूनच अशा गळवाला थंड गळू म्हणतात आणि म्हणूनच रुग्ण उशिरा येतो. दुखत नाही, तर घाई कशाला, असे घरातल्या सर्वांनाच वाटते.

आता दोनदा चिरा देऊनही जखम का भरली नाही, त्याचे उत्तर मानेच्या रचनेत आहे. मानेच्या स्नायूंवर आणि खोल ग्रंथींवर एक चिवट पडदा असतो. पडद्याखाली साठलेला पू त्याला एका लहानशा जागी भोक पाडतो आणि कातडीखाली येऊन दुसरी पिशवी तयार करतो. म्हणजे पडद्याच्या वर एक कप्पा, खाली एक कप्पा, आणि दोन्हींना जोडणारी अरुंद वाट, असा सदऱ्याच्या गळ्याला लावायच्या दुटोकी बटणासारखा आकार होतो. वरून चिरा दिला की वरचा कप्पा रिकामा होतो, सूज उतरते, सगळ्यांना बरे वाटते. खालचा कप्पा आणि रोगट ग्रंथी मात्र तशीच राहते आणि तिथून पू येतच राहतो. त्यातच चिऱ्याने त्याला बाहेर यायला एक सरळ वाट मिळते. पुढे ती वाट बुजत नाही. कधी पहिल्या तोंडाच्या खाली, गळपट्टीच्या हाडाच्या दिशेने, दुसरे तोंडही पडते.

जखमेकडे नीट पाहिले तर ती बरेच काही सांगते. साध्या गळवाच्या जखमेची कड तळाला चिकटलेली असते. इथे कड निळसर-जांभळी, पातळ आणि आतून पोखरलेली असते, म्हणजे बोथट सळई हलकेच घातली तर ती कातडीखाली बाजूला सरकत जाते. ही सळई घालण्याचे काम अर्थातच डॉक्टरांचे आहे, घरी कोणी करू नये. येणारा पू दाट पिवळा नसून पाण्यासारखा असतो आणि त्यात मधूनमधून पांढरट कण दिसतात. जखम जुनी असेल तर एका बाजूने ती भरत असते आणि दुसऱ्या बाजूने वाहत असते. भरलेल्या भागात कातडीच्या सुरकुतलेल्या दोऱ्या, कधी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले कातडीचे पूल दिसतात. असे पूल दिसले की माझा संशय फार बळावतो.

पुवाच्या तपासणीत काही आले नाही, असे आपण लिहिता. अहवालावर बहुधा ‘48 तासांनंतर वाढ नाही’ असा शेरा असेल. ही तपासणी नेहमीच्या पू करणाऱ्या जंतूंसाठी असते, जे काही तासांत वाढतात. क्षयाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला सुमारे 15 ते 20 तास लागतात आणि त्याला वेगळे माध्यम लागते. द्रव माध्यमातही त्याची वाढ दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात. त्यामुळे नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, तो दिसणे शक्यच नव्हते. महिनोन्‌महिने वाहणाऱ्या जखमेच्या पुवात नेहमीचे जंतू सापडत नाहीत, ही गोष्ट टीबीच्या विरोधात नाही, उलट ती संशय वाढवणारी आहे.

म्हणून निदानासाठी योग्य नमुना योग्य जागेहून घेणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. जखमेच्या तोंडावरून कापसाच्या बोळ्याने घेतलेला पू जवळजवळ निरुपयोगी असतो. त्यात क्षयाचे जंतू आधीच थोडे असतात, त्यातले बरेचसे कापसात अडकतात आणि कातडीवरचे इतर जंतू त्यात मिसळतात. त्याऐवजी शेजारची न फुटलेली गाठ किंवा आतला पुवाचा साठा सोनोग्राफीत पाहून, निरोगी कातडीतून सुई घालून, पिचकारीत पू ओढून घ्यावा. सोबत जखमेच्या कडेचा एक लहान तुकडा, कातडीखालच्या भागासह, काढावा. तुकड्याचे दोन भाग करून एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये जंतू शोधण्यासाठी पाठवायचा असतो. इथे नेहमी होणारी गफलत अशी की सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होऊच शकत नाही. नमुना देण्याआधी ‘एक बाटली सलाइनची आहे ना?’ एवढे रुग्णाच्या माणसाने विचारले, तरी एक खेप वाचते.

सलाइनमधल्या नमुन्यावर आणि ओढलेल्या पुवावर सीबीनॅट ही तपासणी करावी. ती जंतूचा जनुकीय अंश शोधते, दोनेक तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही तेही सांगते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ती मोफत होते. ती नकारात्मक आली म्हणून टीबी नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण या जखमांत जंतूंची संख्याच कमी असते. म्हणून सोबत कल्चर आणि तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी हवीच. हातावर कातडीत टोचून सूज मोजण्याच्या मांटू चाचणीचा उपयोग इथे मर्यादित आहे. स्क्रोफुलोडर्मात ती बहुधा ठळक येते, पण आपल्याकडे अनेक निरोगी माणसांचीही येते, आणि केवळ तिच्या आधारावर सहा महिन्यांची औषधे सुरू करणे योग्य नाही. एचआयव्ही आणि रक्तातील साखर या दोन तपासण्या मात्र प्रत्येकाच्या कराव्यात.

या तपासण्यांचा दुसरा हेतू म्हणजे इतर आजार वगळणे. जबड्याच्या कडेला किंवा हनुवटीखाली तोंड असेल तर आधी दात पाहावेत, कारण किडलेल्या दाढेच्या मुळाशी साठलेला पूही असाच बाहेर येतो आणि ती दाढ दुखतेच असे नाही. पुवात पिवळे, वाळूसारखे कण येत असतील तर ॲक्टिनोमायकोसिस या वेगळ्या जंतूच्या आजाराचा विचार करावा लागतो. वय जास्त असेल आणि तंबाखूची सवय असेल, तर मानेतील न दुखणारी गाठ कर्करोगाची नाही याची खात्री होईपर्यंत स्वस्थ बसू नये. आपल्या पत्नीच्या वयाला ही शेवटची शक्यता कमी आहे, पण तुकड्याच्या तपासणीत तीही आपोआप निकाली निघते.

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. शिवणकाम करणारी, 24 वर्षांची एक स्त्री, वजन 41 किलो. मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. घरी आधी गूळ-चुन्याचा लेप झाला, मग कोणीतरी बिब्बा घातला, त्याने कातडी भाजली. तिसऱ्या महिन्यात गाठ मऊ झाली तेव्हा गावातल्या दवाखान्यात चिरा दिला गेला. जखम अर्धी भरली आणि पुन्हा वाहू लागली. मग तिला दहा दिवस लेव्होफ्लॉक्सॅसिन दिले गेले आणि पाणी येणे बरेच कमी झाले. सगळ्यांना वाटले की आता बरे होणार. पण हे औषध क्षयाच्या जंतूवरही काम करते. ते एकटे, थोडे दिवस दिले की रोग दबतो, नमुन्यात जंतू सापडणे अवघड होते, आणि जास्त दिवस दिले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. प्रतिकारक टीबीसाठी जे औषध राखून ठेवायचे, ते असे वाया जाते. आपल्या पत्नीच्या जुन्या चिठ्ठ्यांवर लेव्होफ्लॉक्सॅसिन, ओफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन किंवा लिनेझोलिड यांपैकी काही लिहिलेले आहे का ते जरूर पाहा आणि नमुना घेणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

ती माझ्याकडे आली तेव्हा जखमेचे तोंड सुमारे एक सेंटिमीटर होते आणि आत पोखरलेला भाग त्याच्या दुप्पट. सोनोग्राफीत स्नायूच्या खाली ग्रंथींचा घड आणि त्यातून वर येणारी वाट स्पष्ट दिसली. एक्स-रे स्वच्छ, एचआयव्ही नकारात्मक, साखर ठीक. वरच्या बाजूच्या निरोगी कातडीतून सुईने पू ओढला, कडेचा तुकडा दोन बाटल्यांत पाठवला. सीबीनॅटमध्ये क्षयाचा जंतू सापडला आणि रिफाम्पिसिनला प्रतिकार नसल्याचे दिसले. तुकड्यात क्षयाचे नेहमीचे चित्र होते, म्हणजे मधोमध चोथा आणि भोवती विशिष्ट पेशींचे कडे. लेव्होफ्लॉक्सॅसिन आधी झालेले असल्याने कल्चर वाढल्यावर त्या गटाच्या औषधांना जंतू दाद देतो का, तेही तपासून घेतले. तो देत होता.

उपचार फुप्फुसाच्या टीबीचेच असतात. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकाच गोळीत, आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. मोठ्या माणसांत गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. 35 ते 49 किलो वजनाला रोज तीन गोळ्या, 50 ते 64 किलोला चार. या स्त्रीला तीन सुरू केल्या, सोबत हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन दिले. लघवी नारिंगी होते, ते रिफाम्पिसिनमुळे होते आणि त्यात धोका नाही. मात्र अन्न नकोसे होणे, उलट्या आणि डोळे पिवळे होणे, किंवा नजर धूसर होणे व लाल-हिरवा रंग नीट न ओळखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. आपल्या पत्नी गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील तर तेही आधीच सांगा, कारण रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम उरत नाही आणि दुसरी सोय करावी लागते.

पाचव्या आठवड्यात ती घाबरून आली. जुन्या तोंडातून पाणी कमी झाले होते, पण दोन बोटे वर नवी गाठ आली होती आणि ती मऊही पडू लागली होती. नातेवाइकांचे म्हणणे होते की औषध लागू पडत नाही, बदला. ही अवस्था मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण बरेच लोक इथेच औषध सोडतात. जंतू मरू लागले की त्यांचे अवशेष सुटे होतात, शरीराची प्रतिक्रिया जोराची होते आणि जुन्या ग्रंथी फुगतात किंवा नव्या दिसू लागतात. ग्रंथींच्या क्षयरोगात सुमारे पाचातल्या एका रुग्णात हे घडते. वजन वाढत असेल, भूक लागत असेल, गोळ्या चुकलेल्या नसतील आणि पहिल्या तपासणीत प्रतिकार दिसला नसेल, तर ही बहुधा तीच प्रतिक्रिया असते. तरीही ती गृहीत धरू नये. नव्या गाठीतून सुईने पू काढून पुन्हा कल्चरला पाठवला. इथे सीबीनॅटवर विसंबता येत नाही, कारण ती मेलेल्या जंतूंचाही अंश दाखवते. जिवंत जंतू आहेत का, हे कल्चरच सांगू शकते. वाढ झाली नाही. सुईने दोन वेळा साठा काढावा लागला, औषधे तीच चालू ठेवली आणि तिसऱ्या महिन्याच्या मध्याला दोन्ही जागा कोरड्या झाल्या.

त्या वेळीही चिरा दिला नाही, हे लक्षात घ्या. साठा ताणून फुटायच्या बेतात असेल तर जाड सुईने, गाठीच्या खालच्या टोकातून न जाता वरच्या किंवा बाजूच्या निरोगी कातडीतून तिरपी सुई घालून तो काढतात. सुई तिरपी गेली की बाहेर काढल्यावर तिची वाट आपोआप मिटते, आणि ती खालच्या टोकाला नसल्याने पू वजनाने तिथून झिरपत राहत नाही. ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकण्याची गरज औषधांनंतर फार थोड्यांना लागते. औषधाविना केली तर जखम पुन्हा उघडण्याची शक्यता मोठी असते.

जखमेची निगा साधी आहे. रोज एकदा उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने धुवावी, कोरडी करून स्वच्छ गॉज ठेवावा, वापरलेला गॉज पिशवीत बांधून टाकावा, आणि आधी व नंतर हात साबणाने धुवावेत. हळद, राख, अँटिबायोटिकची पावडर यांपैकी काही भरू नये. अँटिबायोटिक मलमाने ही जखम भरत नाही, ती आतल्या ग्रंथीवर औषध पोहोचले की भरते. जखम अचानक दुखू लागली, लाल आणि गरम झाली, तर मात्र वरून दुसरे जंतू शिरले असे समजावे आणि तेवढ्यापुरते वेगळे औषध लागू शकते.

मुलीबद्दल. टीबी पसरतो तो फुप्फुसाचा रुग्ण खोकतो तेव्हा हवेतून. पत्नीला खोकला नाही आणि एक्स-रे स्वच्छ आहे, तेव्हा तिने मुलीला जवळ घ्यावे, भरवावे, शेजारी झोपवावे. फक्त जखम झाकलेली असावी आणि मुलीचा हात गॉजला लागू नये. उलट मी दुसराच प्रश्न विचारीन. पत्नीला हे जंतू कोणाकडून आले? घरात, माहेरी किंवा कामाच्या जागी कोणी दोन आठवड्यांहून जास्त खोकत आहे का? असेल तर त्या व्यक्तीची थुंकी तपासून घ्या, कारण मुलीला खरा धोका त्या व्यक्तीकडून आहे. तशी व्यक्ती सापडली आणि तिच्या थुंकीत जंतू निघाले, तर मुलीची तपासणी करून, रोग नसल्याची खात्री करून, तिला प्रतिबंधक औषध देण्याची तरतूद सरकारी कार्यक्रमात आहे. कच्चे, न तापवलेले दूध हा गाईंच्या क्षयजंतूचा जुना मार्ग होता. आपल्या घरी दूध तापवूनच वापरत असाल, तर त्याची काळजी नको.

निदान पक्के झाले की डॉक्टर खासगी असोत वा सरकारी, त्यांना रुग्णाची नोंद निक्षय या सरकारच्या क्षयरुग्ण नोंदणी प्रणालीत करावी लागते. ही नोंद टाळू नका. औषधे मोफत मिळतात आणि पोषणासाठी दरमहा 1000 रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात, मग उपचार खासगी डॉक्टरांकडे चालू असले तरी.

सहा महिने संपताना मानेत एखादी लहान, टणक, न दुखणारी गाठ उरली असेल, तर तेवढ्यावरून उपचार लांबवू नयेत. माझ्या त्या रुग्णाच्या मानेत एक सेंटिमीटरची गाठ उरली होती. सोनोग्राफीत आत पू नव्हता, औषधे ठरल्याप्रमाणे थांबवली आणि पुढे दर तीन महिन्यांनी ती मोजत गेलो. गाठ वाढली नाही. वाढली असती, मऊ पडली असती किंवा व्रण पुन्हा वाहू लागला असता, तर नवा नमुना घेऊन पहिल्यापासून कल्चर करावे लागले असते. कातडीवर उरलेल्या ओढलेल्या वणासाठी प्लास्टिक सर्जनकडे जायचे असेल, तर औषधे संपून निदान सहा महिने जागा शांत राहिलेली असावी, त्याआधी तिथे सुरी लावू देऊ नये.